सहलीचें पत्रक अरबींत उतरवितांना



आखाती देशांतलीं अनेक कुटुंबें पावसाळ्यांत मुंबईस येतात, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं गेट वे ऑफ इंडियाच्या आसपास फिरतांना पाहिलें असेल. ज्या पावसाला कंटाळून आपण खिडक्या लावून घेतों, तोच पाहण्यासाठीं ही मंडळी समुद्र ओलांडून येतात. त्यांतील कांहीं जण पुढें अजिंठा-वेरूळ पाहावयास निघतात. सहल नेणाऱ्या मंडळींजवळ एक छापील इंग्रजी पत्रक असतें. त्याचें भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून तें अरबी जाणणाऱ्या एखाद्या गृहस्थाकडे पाठविलें जातें आणि सोबत विनंति असते कीं, "एवढें अरबींत करून द्या, मात्र वाचणाऱ्याला यावेंसें वाटेल असें असूं द्या."

काम दिसावयास लहान आहे. चार दिवसांचा कार्यक्रम, दोन पानें मजकूर. परंतु त्या दोन पानांत दोन निराळ्या माणसांचे आवाज मिसळलेले असतात, आणि भाषांतरकारानें प्रथम ते वेगळे करावे लागतात. एक आवाज यजमानाचा: या, पाहा, आनंद घ्या. दुसरा करार करणाऱ्या माणसाचा: अमुक वाजतां निघूं, अमुक जेवण देऊं, अमुक खर्च तुमचा. यजमानाचें बोलणें अरबींत नव्यानें रचलें तरी चालतें. किंबहुना तें रचावेंच लागतें. करार करणाऱ्याचा शब्द मात्र रेसभरही हलतां कामा नये. हे दोन आवाज एकमेकांत मिसळले, म्हणजे आर्जवाच्या भरांत वचन बदलतें, आणि परक्या मुलुखांत मुलाबाळांसह आलेलें एखादें कुटुंब बंद दारापुढें उभें राहतें. तसें होऊं नये म्हणून काय करावें लागतें, हें आज एका नमुन्याच्या पत्रकावरून सांगावयाचें आहे. पत्रक कल्पित आहे. त्यांतील स्थळें आणि अडचणी मात्र खऱ्या आहेत.

सहल अशी आहे असें समजूं. सोमवारीं छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, येथें आगमन. दुसऱ्या दिवशीं अजिंठा. तिसऱ्या दिवशीं वेरूळ, आणि वाटेवर दौलताबादचा किल्ला. चौथ्या दिवशीं, गुरुवारीं, रात्रीं परतीची गाडी.

आतां पहिली अडचण अरबीची नसून छायाचित्राची आहे. पत्रक घडी केलेलें असतें, घडीवर शाई उडालेली असते, गुळगुळीत कागदावर दिव्याचा झोत पडून एखादी ओळ पांढरी झालेली असते, आणि कागद धरणाऱ्याचा आंगठा नेमका डाव्या कडेवर येतो. म्हणून छायाचित्रावरून एकदम अरबी लिहावयास बसूं नये. आधीं मूळ इंग्रजी मजकूर जसाच्या तसा कागदावर उतरून घ्यावा, आणि जें अक्षर डोळ्यांना स्पष्ट दिसलें नाहीं त्याखालीं रेघ ओढावी. अर्थावरून ओळखलेलें अक्षर आणि प्रत्यक्ष दिसलेलें अक्षर यांतला भेद या रेघेनें टिकतो. तो एकदां पुसला गेला, म्हणजे पुढें सुंदर अरबींत लिहिलेला अंदाज हा छापील मजकूर म्हणूनच वाचला जातो.

आपल्या नमुन्यांत आंगठा डाव्या कडेवर आहे. त्यामुळें दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाच्या वारांचीं आरंभींचीं अक्षरें झांकलीं गेलीं आहेत. इंग्रजींत मंगळवार आणि बुधवार या दोन्ही नांवांचीं शेवटचीं पांच अक्षरें एकच आहेत, तेव्हां उरलेल्या अक्षरांवरून वार ठरत नाहीं. येथें स्थळाची माहिती कामास येते. अजिंठ्याचीं लेणीं सोमवारीं बंद असतात आणि वेरूळचीं मंगळवारीं. म्हणजे वेरूळचा दिवस मंगळवार असूं शकत नाहीं. तो बुधवार असला पाहिजे, आणि त्याच्या आदला अजिंठ्याचा दिवस मंगळवार. हा तर्क पक्का वाटतो, तरीही रेघ पुसावयाची नाहीं. सहलीच्या कचेरीला विचारून मगच ती काढावी. कारण कचेरीनेंच पत्रक छापतांना चूक केली असेल, तर ती उघडकीस येण्याची हीच वेळ असते.

याहून घातक जागा पानाच्या तळाशीं आहे. तेथें जेवणांची ओळ आहे, आणि तिच्या शेवटीं जो इंग्रजी शब्द आहे त्याचीं पहिलीं दोन अक्षरें झोतांत नाहींशीं झालीं आहेत. 'इन्क्लूडेड' म्हणजे दरांत धरलेलें, आणि 'एक्स्क्लूडेड' म्हणजे दरांत न धरलेलें. हे दोन शब्द त्या पहिल्या दोन अक्षरांतच भिन्न आहेत. उरलेलीं सहा अक्षरें तंतोतंत सारखीं. येथें कोणतेंही ज्ञान उपयोगी पडत नाहीं. जेवणें दरांत असूंही शकतात, नसूंही शकतात. अशा जागीं दुसरें छायाचित्र मागवावें, तें उजेडाकडे तिरपें धरून काढावयास सांगावें, आणि तें येईपर्यंत त्या जागीं अरबींत 'ग़ैर वाज़िह फ़िल्-अस्ल', म्हणजे 'मुळांत अस्पष्ट', एवढेंच लिहून ठेवावें. तसेंच एखाद्या शब्दावर तारकाचिन्ह दिसलें आणि त्याची तळटीप छायाचित्रांत नसेल, तर पान अपुरें आहे असें समजावें. पत्रकांतील अप्रिय मजकूर बहुधा तळटिपेंतच असतो.

मूळ मजकूर हातीं आला, म्हणजे वेळांकडे वळावें. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात हें सर्वांस ठाऊक आहे. अंक मात्र आपल्याप्रमाणेंच, मोठें स्थान डावीकडे ठेवून लिहिले जातात. इजिप्तमध्यें आणि आखाती देशांत जे अंक वापरांत आहेत त्यांना अरब लोक 'हिंदी अंक' असें म्हणतात. पण त्या नांवावर विसंबून आपल्या डोळ्यांनीं ते वाचूं नयेत. त्यांतला पांच हा आपल्या शून्यासारखा वाटोळा दिसतो. त्यांतलें शून्य हा केवळ एक ठिपका असतो. त्यांतला सहा हा इंग्रजी सातासारखा वळतो, आणि दोन व तीन यांच्यांत एका दात्याचाच फरक असतो. फिकट छपाईंत ठिपका उडाला, तर दहाचा एक होतो, आणि सकाळीं दहाची गाडी एक वाजतां धरावयास प्रवासी येतो. म्हणून निघण्याची वेळ अंकांत आणि अक्षरांत अशी दोन्ही प्रकारें द्यावी. साडेआठ असेल तर अंकांपुढें 'अस्-सामिना वन्-निस्फ़ सबाहन', म्हणजे 'सकाळीं आठ आणि अर्धा', असें लिहावें. अक्षरांतली वेळ सहसा बिघडत नाहीं, आणि ती वाचावयास भारदस्तही वाटते.

दोन वेळांमधली आडवी रेघ हा दुसरा सांपळा. आपल्या पत्रकांत वेरूळच्या भेटीची वेळ '९–१' अशी दिली आहे. अरबी वाक्यांत ती तशीच ठेवली, तर कांहीं यंत्रें ती जोडी डावीकडून उजवीकडे मांडतात, आणि उजवीकडून वाचणारा अरब ती 'एक ते नऊ' अशी वाचतो. दुपारीं एक ते रात्रीं नऊ ही वेळ फिरावयास कांहीं अशक्य वाटत नाहीं, म्हणून त्याला शंकाही येत नाहीं. तो एक वाजतां हॉटेलाच्या दाराशीं येतो, तेव्हां मोटार वेरूळाहून परत निघालेली असते. उपाय सोपा आहे. रेघ टाकून द्यावी आणि 'मिन… हत्ता…', म्हणजे 'पासून… पर्यंत…', हे शब्द वापरावे. शब्दांनीं बांधलेली वेळ कोणत्याही बाजूनें मांडली तरी उलटत नाहीं.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे, कारण ती सुंदर भाषेच्या मोहांतून उद्भवते. अरबींत 'फ़ी तमाम अस्-साआ' असा एक डौलदार प्रयोग आहे. 'पूर्ण अमुक वाजतां' असा त्याचा शब्दशः अर्थ, आणि भाव 'ठोक्याला'. घोषणांत व निमंत्रणपत्रिकांत तो शोभतो, म्हणून भाषांतरकार प्रत्येक वेळेआधीं तो लावून टाकतो. आतां आपल्या पत्रकांत 'साडेआठला प्रयाण' असें आहे. तेथें तो चालेल. परंतु 'सुमारें अकराला आगमन' असें जेथें म्हटलें आहे, तेथें तो लावतांच अंदाजाचें वचन झालें. संभाजीनगरापासून अजिंठा सुमारें शंभर किलोमीटर आहे. पावसांत वाट रेंगाळली तर अकराचे साडेअकरा सहज होतात, आणि प्रवासी अरबी कागद दाखवून विचारतो कीं ठोक्याचें काय झालें. 'सुमारें' याला अरबींत 'हवालै' हा साधा शब्द आहे, तोच ठेवावा. 'सहापर्यंत परत' आणि 'सहाला परत' हींही दोन निराळीं विधानें आहेत, आणि तीं अरबींतही निराळींच राहिलीं पाहिजेत.

आतां रात्रीचा प्रश्न, जो आपणां मराठी मंडळींना विशेष मौजेचा वाटेल. आपल्या पंचांगाप्रमाणें वार सूर्योदयास बदलतो; म्हणून रात्रीं साडेबारा वाजले तरी आजी म्हणते, अजून गुरुवारच आहे. घड्याळाचा वार मध्यरात्रीं बदलतो. अरबी परंपरेंत दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो, म्हणजे रात्र ही आपल्या दिवसाच्या आधीं येते. त्यामुळें 'लैलत अल्-जुमुआ', शब्दशः शुक्रवारची रात्र, याचा परंपरागत अर्थ गुरुवार मावळल्यावर येणारी रात्र असा होतो. अलीकडे वृत्तपत्रांतून आणि बोलण्यांतून हा प्रयोग घड्याळाच्या हिशेबानेंही होतो, आणि तेथेंच संदेह शिरतो. आपल्या पत्रकांत 'गुरुवारीं रात्रीं साडेअकराला स्थानकाकडे प्रयाण' असें आहे. तें 'लैलत अल्-ख़मीस' असें उतरविलें, तर जुन्या वळणाचा वाचक तें बुधवारची रात्र समजेल आणि एक दिवस आधींच सामान बांधून बसेल. तेव्हां 'रात्र' हा शब्द वाराच्या गळ्यांत बांधूंच नये. 'यौम अल्-ख़मीस', म्हणजे गुरुवारचा दिवस, त्यापुढें तारीख, त्यापुढें साडेअकरा, आणि मग रात्रीची वेळ असल्याचा उल्लेख, अशी फोड करावी. गाडी मध्यरात्रीनंतरची असेल, तर दोन्ही वार सांगावे: अमुक वारीं हॉटेल सोडावयाचें, अमुक वार लागल्यावर गाडी सुटेल.

वेळा झाल्या, आतां देणें आणि न देणें. येथें अरबी लिपीची एक खुबी ध्यानांत घेतली पाहिजे. अरबींत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहींत. रात्रीच्या जेवणाला 'अशा' म्हणतात, आणि रात्रीच्या नमाजाला 'इशा'. बोलतांना दोन्ही वेगळे, लिहितांना एकच. 'अशानंतर गाण्याचा कार्यक्रम' असें लिहिलें, तर वाचणारा तें 'नमाजानंतर' असेंही वाचूं शकतो, आणि दोन्ही अर्थ सारखेच स्वाभाविक. म्हणून जेवणाचा उल्लेख 'वज्बत अल्-अशा', म्हणजे 'रात्रीच्या जेवणाचा वाढा', असा करावा आणि पुढें घड्याळाची वेळ द्यावी. न्याहारीचीही तीच कथा. 'इफ़्तार' हा शब्द पुष्कळ ठिकाणीं सकाळच्या न्याहारीसाठीं चालतो, पण रमजानांत तोच सूर्यास्ताच्या उपासपारण्याचा असतो. सहल रमजानांत येत असेल, तर 'सकाळची न्याहारी' असें स्पष्ट लिहिल्यावांचून गत्यंतर नाहीं. आणि उपास करणाऱ्या पाहुण्याला पहाटेचें जेवण मिळेल कीं नाहीं, हा प्रश्न कचेरीपुढें ठेवणें हेंही भाषांतरकाराचें काम होय. त्याचें उत्तर मात्र त्यानें स्वतः देऊं नये.

'दरांत धरलेलें' याला अरबींत 'अस्-सिअर यश्मल', आणि 'न धरलेलें' याला 'अस्-सिअर ला यश्मल'. दोहोंत अंतर आहे तें एका 'ला' चें. लांब यादी असली, एखादी ओळ तुटून पुढच्या स्तंभांत गेली, कीं हा 'ला' मागें राहतो आणि खर्चाची बाब देणगींत जाऊन बसते. शिवाय अरबी वाक्यांत 'आणि' हा शब्द पुढच्या शब्दास चिकटून पुन्हां पुन्हां येतो. 'जेवणाखेरीज सर्व, आणि बसचें तिकीट' अशा वाक्यांत तिकीट आंत कीं बाहेर, हें कळत नाहीं. म्हणून दोन वेगळ्या याद्या कराव्या, प्रत्येक बाब स्वतंत्र ओळींत लिहावी, आणि न दिल्या जाणाऱ्या प्रत्येक बाबीपुढें 'अला नफ़कतिकुम', म्हणजे 'आपल्या खर्चानें', हे शब्द पुन्हां लिहावे. ही पुनरुक्ति कानाला खटकते खरी, पण ती यजमानाच्या आवाजांतली नसून करारांतली आहे, आणि करारांत पुनरुक्ति हा दोष नव्हे. तसेंच 'दरांत धरलेलें' याला 'मज्जानी', म्हणजे फुकट, असा गोड शब्द लावूं नये. जें दरांत धरलें आहे त्याचे पैसे पाहुण्यानें दिलेले असतात.

अजिंठ्याच्या बाबतींत या याद्यांना एक खास कसोटी लागते. पत्रकांत म्हटलें आहे: 'प्रवेशशुल्क धरून.' भारतीय प्रवाशाला आणि विदेशी प्रवाशाला तेथील प्रवेशशुल्क निरनिराळें आहे, आणि विदेशी प्रवाशाचें बरेंच अधिक आहे. मूळ इंग्रजी पत्रक देशी गिऱ्हाइकांकरितां छापलेलें असेल, तर धरलेलें शुल्कही देशीच असण्याचा संभव आहे. अरबी वाचक हा तर उघडच विदेशी. दुसरें असें कीं, खासगी मोटारी लेण्यांपर्यंत जात नाहींत. सुमारें ४ किलोमीटर अलीकडे, फर्दापूरच्या तिठ्यापाशीं, त्या थांबतात आणि तेथून ठराविक बसनें जावें लागतें. त्या बसचें तिकीट निराळें असतें. पत्रकांत तिचा उल्लेखच नाहीं. अशा वेळीं भाषांतरकारानें आपल्या मनानें कांहीं घालूं नये आणि गाळूंही नये. तो दोन प्रश्न लिहून कचेरीकडे पाठवितो: शुल्क विदेशी दरानें धरलें आहे काय? तिठ्यापासूनच्या बसचें तिकीट कोणाकडे? उत्तरें आलीं, म्हणजे तीं योग्य त्या यादींत घालतो. अशा प्रश्नांनीं कचेरीची भीड मोडते, पण पाहुणे तिठ्यावर पैशांवरून अडून बसण्यापेक्षां तें बरें.

इतकें वाचल्यावर कोणी म्हणेल, मग आमंत्रणाला जागा उरली कोठें? जागा पुष्कळ आहे. ती फक्त ओळखतां आली पाहिजे. दौलताबादचेंच उदाहरण घ्या. मुळांत एवढेंच आहे: 'वाटेंत दौलताबादच्या किल्ल्यापाशीं छायाचित्रांसाठीं थांबा.' याचें अरबी करतांना विशेषणांचा वर्षाव करण्याचा मोह होतो: भव्य, अद्भुत, डोळे दिपविणारा. अशीं विशेषणें अरबी वाचकानें शंभर पत्रकांत पाहिलेलीं असतात. त्यापेक्षां एक गोष्ट त्याच्या अधिक जवळची आहे. चौदाव्या शतकांतला टँजियरचा प्रवासी इब्न बतूता या दौलताबादेंत येऊन गेला आणि त्यानें आपल्या अरबी प्रवासवृत्तांत त्याचें वर्णन केलें. अरब कुटुंबांत हें नांव लहान मुलांनाही परिचित असतें, आणि सहलीसाठीं जो 'रिहला' शब्द पत्रकाच्या शिरोभागीं येतो, तोच त्याच्या ग्रंथाचें रूढ नांव आहे. 'ज्या किल्ल्याचें वर्णन इब्न बतूतानें केलें, तो येथें आपल्यासमोर उभा राहील,' एवढें एक वाक्य कचेरीच्या संमतीनें घातलें, म्हणजे आमंत्रण आपोआप साधतें.

मात्र त्याच वाक्यांत एक खड्डा आहे. 'ज़ियारा' म्हणजे भेट. हा शब्द योजला, तर वाचक समजेल कीं किल्ल्यांत जावयाचें आहे, चढावयाचें आहे. मुळांत केवळ थांबा आहे. तेव्हां 'तवक्कुफ़ क़सीर लित्-तस्वीर', म्हणजे 'छायाचित्रांसाठीं अल्पसा थांबा', असेंच लिहावें, आणि किल्ला बाहेरून पाहावयाचा आहे हें त्याच ओळींत सांगावें. आमंत्रणाचें वाक्य जितकें ओढ लावणारें, तितकी ही मर्यादा अधिक जवळ हवी. ती दुसऱ्या पानावर ढकलतां कामा नये.

आतां मंगळवारचा अजिंठ्याचा दिवस सबंध पाहूं. मूळ असें: 'हॉटेलांत न्याहारी. ८.३० ला अजिंठ्यास प्रयाण. सुमारें ११ ला आगमन. मार्गदर्शकासह लेण्यांस भेट. दुपारचें जेवण.' जेवणावर तारका आहे, आणि दुसऱ्या छायाचित्रांत तळटीप मिळाली: 'स्वखर्चानें.' पुढें: 'सायंकाळीं ६ पर्यंत परत. रात्रीचें जेवण हॉटेलांत.'

बिघडलेलें अरबी कसें होतें, तें मराठींत सांगतों: 'चविष्ट न्याहारीनंतर ठीक साडेआठ वाजतां आम्ही आपणांस अजिंठ्यास नेऊं आणि ठीक अकरा वाजतां आपण तेथें असाल. सर्व लेण्यांच्या भेटीनंतर स्वादिष्ट भोजनाचा आस्वाद घेऊन, सहा वाजतां आपण हॉटेलांत जेवणास परताल.' वाचावयास छान. पण यांत अकराचा अंदाज वचन झाला. 'लेणीं' याचें 'सर्व लेणीं' झालें, आणि तीं तीसाच्या आसपास आहेत. दुपारचें जेवण कचेरीच्या माथीं आलें. आणि रात्रीचें जेवण सहा वाजतांच वाढलें गेलें. एका परिच्छेदांत चार बदल, आणि चारही आर्जवाच्या पोटीं जन्मलेले.

नीट उतरविलेलें अरबी असें असेल. आरंभीं यजमानाचीं तीन वाक्यें: 'वाघोरा नदीनें घोड्याच्या नालासारखी वळलेली एक दरी कोरली आहे. तिच्या कड्यांत शतकांपूर्वींच्या कलावंतांनीं लेणीं खोदून तीं चित्रांनीं भरलीं. हा दिवस त्यांच्या सहवासांत घालवा.' येथें अरबी क्रियापद अनेकवचनी आज्ञार्थी, म्हणजे 'इस्तम्तिऊ', आनंद घ्या, या घाटाचें असावें. तें कुटुंबाला उद्देशून असतें आणि त्यांत आग्रह असूनही मान राहतो. त्याखालीं वेळांच्या ओळी, एकेक, विशेषणावांचून: सकाळीं न्याहारी, हॉटेलांत. साडेआठ, अंकांत आणि अक्षरांत, प्रयाण. सुमारें अकरा, आगमन. मार्गदर्शकासह लेण्यांस भेट. दुपारचें जेवण, आपल्या खर्चानें. सायंकाळीं सहापर्यंत हॉटेलांत परत. रात्रीच्या जेवणाचा वाढा, हॉटेलांत. जेवणाची वेळ मुळांत दिलेली नाहीं, म्हणून ती अरबींतही नाहीं. पाहिजे असल्यास कचेरीला विचारावयाची.

अशा मांडणींत आमंत्रण वर आहे आणि वचन खालीं, आणि एकाचा रंग दुसऱ्यास लागत नाहीं. वाचकाचाही यांत फायदा आहे. हॉटेलांत सकाळीं घाई असतांना त्याला वेळ शोधण्यासाठीं काव्य चाळावें लागत नाहीं.

शेवटची परीक्षा दोन माणसांनीं करावयाची असते. ज्यानें इंग्रजी पाहिलें नाहीं अशा एखाद्या अरबी जाणणाऱ्यास छापावयाचा तयार कागद द्यावा, आणि त्यानें केवळ वार, तारखा, वेळा, जेवणें आणि खर्चाच्या बाबी मोठ्यानें सांगाव्या. भाषांतरकारानें समोर मूळ इंग्रजी घेऊन एकेकीवर खूण करावी. खुणा दोहों बाजूंनीं जुळल्या पाहिजेत: मुळांतलें कांहीं सुटलेलें नको आणि मुळांत नाहीं असें कांहीं वाढलेलें नको. ही परीक्षा छापील नमुन्यावरच घ्यावी, हस्तलिखितावर नव्हे; कारण अंक उलटतात, ठिपके उडतात आणि 'ला' मागें राहतो तो छपाईच्या मांडणींतच. आणि कागदाच्या तळाशीं, हें अरबी रूप कोणत्या तारखेच्या पत्रकावरून केलें, तें लिहून ठेवावें. कचेरी पुढच्या हंगामांत इंग्रजी वेळा बदलते आणि अरबी कागद तसाच कपाटांत राहतो; ती एक ओळ असली, म्हणजे तो जुना झाला आहे हें पाहुण्याच्या हातीं पडण्यापूर्वींच कोणाच्या तरी ध्यानांत येतें.